काकडीला थंडी सोसत नाही

माझी थोरली वहिनी रागावली की आवाज चढवत नाही. उलट फार नीट, सावकाश बोलायला लागते, आणि मग घरातली माणसं आपोआप जपून वागायला लागतात. एकदा गल्लीतल्या शिंप्यानं तिच्या पुढच्या खोलीचा पडदा वीतभर आखूड शिवला आणि वर म्हणाला, कापड धुऊन आटलं असेल. वहिनीनं वाद घातला नाही. तो आखूड पडदा तिनं रस्त्याकडच्या खिडकीला लावला आणि घरी येईल त्याला चहा देताना सांगायची, हा समोरच्याच शिंप्यानं शिवलाय हं. शेवटी शिंपी स्वतःहून नवा पडदा शिवून घेऊन आला. तिनं तो हसून घेतला, घडी घालून कपाटात ठेवला, आणि खिडकीला आखूडच राहू दिला. अजून तोच आहे.

मी तिचा धाकटा दीर. एसी-फ्रिज दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. आम्ही तीन भाऊ. थोरला ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो आणि असतो तेव्हा झोपतो. मधल्याचा भाजीच्या घाऊक बाजारात गाळा आहे. पाठीमागच्या जमिनीच्या तुकड्यात पालक, मेथी, कोथिंबीर काढायची ती वहिनी एकटी. तिचा पालक पाहिलात तर म्हणाल, इस्त्री करून ठेवलाय. पहाटेच्या गारव्यात कापायचा, जुड्या बांधायच्या आणि मधल्याच्या टेम्पोत चढवायच्या, असं बरीच वर्षं चाललं होतं. घरचा माल, घरचा गाळा. मधल्याला वाटायचं, वहिनी कुठे जाणार आहेत?

ज्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. वहिनी स्वतः टेम्पोबरोबर बाजारात गेली होती. तिनं मधल्याला सांगितलं, भाऊजी, माझे क्रेट आधी सावलीत घ्या. तो हो हो म्हणाला आणि दुसऱ्यांचा माल उतरवायला लागला, कारण दुसरे तक्रार करतात, आणि घरचं माणूस करत नाही. वहिनीचे क्रेट फरशीवर, उघड्यावर राहिले. तिनं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, दोन मिनिटं. त्याची दोन मिनिटं संपेपर्यंत पालकानं माना टाकल्या होत्या. आता त्याला गिऱ्हाइकांसमोर लाज वाटली असावी; आणि मधल्याला लाज वाटली की तो दुसऱ्याला लाजवतो, लहानपणापासून त्याची ती खोड आहे. त्यानं एक क्रेट उचलला, बाजाराच्या कोपऱ्यात शेळ्या बांधलेल्या असतात त्यांच्यापुढे उपडा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, असला माल माणसांच्या बाजारात आणू नका."

लोक हसले. हमाल हसले, शेजारचे गाळेवाले हसले, आणि वसतिगृहाची मेस चालवणारा ठेकेदार, त्या बाजारातलं मोठं गिऱ्हाईक, तोही हसला. वहिनीनं रिकामा क्रेट शेळ्यांपुढून उचलला, बाकीचे भरलेले गोळा केले आणि रिक्षा करून घरी आली. क्रेट घासून धुतले. मग तशाच ओल्या हातांनी माझ्या दुकानात आली.

मला म्हणाली, "धाकटे भाऊजी, तुमच्या त्या यंत्रात पालक ठेवला तर किती दिवस मान ताठ ठेवील?"

मी एका एसीच्या पोटात हात घालून बसलो होतो. फ्रिज लहान पडेल म्हटलं. ती म्हणाली, मग मोठं काहीतरी करा. मी म्हटलं, वहिनी, शीतगृह बांधायचं म्हणजे आपल्या ऐपतीबाहेरचं काम. त्यावर ती अगदी नीट, सावकाश बोलली, आणि मला कळलं की आता सुटका नाही. म्हणाली, त्या माणसाला माझ्या दारात उभं राहून माल ठेवायला जागा मागताना मला बघायचंय. मग मी नाही म्हणणार आहे. एवढंच करायचंय मला. तुमच्याकडून जमत असेल तर सांगा.

खरं सांगायचं तर मलाही ते बघायचं होतं. मधल्यानं लहानपणी माझा पतंग फाडून मलाच आईसमोर उभं केलं होतं.

तर पेटी. पेटी म्हणजे मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली छोटी खोलीच, माणूस उभा राहील आणि क्रेट रचता येतील एवढी. भिंती, छत आणि जमीन, सगळीकडे जाड थर्माकोलचे दोन थर. पहिल्या थराच्या फटीवर दुसऱ्याचा मधला भाग येईल असे बसवले, म्हणजे थंडीला सरळ बाहेर पडायला वाट नको. उरलेल्या फटी फोमनं भरल्या. बाहेरच्या अंगानं प्लास्टिकचा कागद अखंड लावला, कारण बाहेरच्या हवेतली वाफ आत शिरली तर ती थरात थंड होऊन पाणी होते आणि ओला थर्माकोल थंडी धरत नाही. दाराला रबरी पट्टी, आत जाड प्लास्टिकचे पडदे. वहिनी उन्हात उभी राहून एकेक फट हातानं चाचपायची आणि मला परत शिडीवर चढवायची. मी केलेलं कुठलंही काम इतकं कुणी तपासलेलं नाही.

भिंतीत एक जुना एसी बसवला. आता अडचण अशी की घरातला एसी माणसांसाठी असतो, तो सोळाच्या खाली जायला तयार नसतो. सोळा झाले की त्याला वाटतं झालं आपलं काम, आणि कॉम्प्रेसर बंद. पालकाला मात्र चारेक अंश लागतात. यासाठी मी बाहेरच्या भिंतीवर एक वेगळा कंट्रोलर लावला. त्याची एक वायर आतली खरी थंडी मोजते. दुसऱ्या वायरीच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा हीटर असतो, तो एसीच्या स्वतःच्या सेन्सरला चिकटवून बांधायचा. हीटर सेन्सरला जरासा गरम ठेवतो, एसीला वाटतं खोली अजून तापलेलीच आहे, आणि तो बिचारा राबत राहतो. आपण लावलेला आकडा आला की कंट्रोलर हीटर बंद करतो, सेन्सरला खरी थंडी कळते, एसी थांबतो. तिसरी वायर एसीच्या जाळीत खुपसलेली असते. जाळीवर बर्फ धरायला लागला की ती कळवते, कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते, पंखा चालू राहून बर्फ वितळतो.

हे सगळं वहिनीला समजावून सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे त्याच्या कानाशी गोड बोलून त्याला राबवायचं?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. तिला ते फार आवडलं.

पहिल्या आठवड्यात चुका झाल्या. क्रेट भिंतीला चिकटवून रचले म्हणून वारा फिरेना आणि मधोमधचा माल गरम राहिला. एसीसमोरची कोथिंबीर वाऱ्यानं सुकली, म्हणून मग क्रेटवर ओलं गोणपाट टाकायला लागलो. पण एकदा जमलं ते जमलं. पहाटे कापलेला पालक आत जायचा आणि भाव बरा असेल त्या दिवशी बाहेर यायचा, तसाच ताठ. वहिनी स्वतः बाजाराच्या दाराशी उभी राहून विकायला लागली, मधल्याच्या गाळ्यापासून दहा पावलांवर, त्याच्या नाकावर टिच्चून. मेसचा ठेकेदार, जो हसला होता, तो तिच्याकडून पालेभाजी घ्यायला लागला. गल्लीतल्या, पलीकडच्या वस्तीतल्या बायका आपापली मेथी, शेपू घेऊन यायला लागल्या. वहिनी जागा द्यायची, आणि प्रत्येकीला आधी बजावायची की काय आत चालेल आणि काय चालणार नाही.

त्यातल्या एका बाईला आम्ही काकडीवाली म्हणतो. तिच्या वेलांना काकडी लागते ती भारी, आणि तोंड त्याहून भारी. ती पहिल्यांदा दोन क्रेट काकडी घेऊन आली तेव्हा वहिनीनं दारातच अडवलं. सांगितलं, काकडीला ही थंडी सोसत नाही. पालकाच्या आकड्यावर तीन-चार दिवस राहिली तर आतून मरते, आणि गंमत म्हणजे आत असेपर्यंत कळत नाही. वरून छान, हिरवी, टणक. बाहेर उन्हात आली की दीड-दोन दिवसांत अंगावर खड्डे पडतात, पाणी सुटतं, बुळबुळीत होते. काकडीला बारा अंशांच्या आसपास बरं वाटतं, आणि तेवढ्यावर पालक टिकणार नाही. काकडीवाली पाच मिनिटं भांडली आणि क्रेट घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तिची कोथिंबीर आली. हे सगळं मी तपशिलानं सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

दोन उन्हाळे गेले. वहिनी वाट बघत होती. माझ्या माहितीत इतक्या निवांतपणे वाट बघणारं दुसरं माणूस नाही.

आणि एका दुपारी मधल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. भरून काकडी होती. वसतिगृह सुट्टीनंतर उघडणार होतं, ठेकेदारानं पहिल्या जेवणासाठी एकदम मोठी मागणी दिली होती, आणि मधल्यानं स्वस्तात मिळते म्हणून आधीच उचलून ठेवली होती. आता ऊन वाढलं, गाळ्यात ठेवायला जागा नाही. मी एसीची जाळी धुवायला आलो होतो म्हणून समोरच होतो. माझ्या मनात आलं, आला तो दिवस. आता वहिनी नाही म्हणणार, आणि मी पाण्याची बादली घेऊन तिथेच उभा राहणार.

मधला उतरला. मान थोडी खाली होती, पण जीभ जागेवर होती. म्हणाला, वहिनी, तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे. वहिनीनं काकडीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मी पाहिलं. तेवढ्यात मधला म्हणाला, "तुम्ही फक्त दार उघडा, वहिनी. भाजीतलं मला कळतं."

वहिनीनं तोंड मिटलं. हसली. आणि दार उघडलं.

क्रेट आत गेले. मधल्यानं आत हात घालून पाहिला आणि म्हणाला, अजून थंड करता येत नाही का? ती म्हणाली, नाही, पालक गोठेल. म्हणजे पालकाची काळजी तिनं त्याही क्षणी घेतली. तो गेल्यावर मी कंट्रोलरकडे बोट दाखवलं. आकडा चारवर होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दार उघडा म्हणाले, दार उघडलं." मग गोणपाट भिजवायला गेली. पाणी ओतताना ती गुणगुणत होती. त्या दिवशी मी जेवताना एकटाच हसलो, बायकोनं विचारलं तर सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काकडी बाहेर निघाली. अशी सुंदर, अशी हिरवीगार की मधला खूश झाला. जाताना वहिनीला म्हणालाही, बरं काम केलंत. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच. ठेकेदारानं सगळा माल उचलला.

दोन दिवसांनी मेसच्या कोठीत त्या काकडीचं पाणी झालं. वसतिगृहातल्या पोरांनी ताटं आपटली, ठेकेदाराला वरच्या लोकांची बोलणी खावी लागली, आणि त्यानं मधल्याच्या गाळ्यावर येऊन, सगळ्या बाजारासमोर, बुळबुळीत काकडीचा एक क्रेट त्याच्या पायाशी उपडा केला. मला हे हमालानं सांगितलं तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, पुन्हा सांग.

इथेच थांबलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मधल्याला लाज वाटली होती. आणि मघाशी सांगितलंच की त्याला लाज वाटली की तो काय करतो. त्यानं ठेकेदाराला सांगितलं, माझा माल उत्तम होता, वहिनींच्या त्या थर्माकोलच्या खोक्यानं मारला. त्यात ठेवलेलं सगळं असंच आतून मेलेलं असतं, दिसत नाही इतकंच. तुम्ही तिथली पालेभाजी खाऊ घालता ना पोरांना? बघा बुवा.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं वहिनीच्या पालकाला हात लावला नाही. बायकांच्या मेथीलाही नाही. त्याचं बघून दोन हॉटेलवाले मागे सरले. पेटीतून आलेला माल आहे का, असं गिऱ्हाइकं विचारायला लागली, आणि हो म्हटलं की पुढे जायला लागली. बायका संध्याकाळी अंगणात जमल्या. पेटी बंद पडली तर त्यांना पुन्हा त्याच मधल्याच्या गाळ्यावर, त्याच उन्हात, त्याच्या दोन मिनिटांची वाट बघत उभं राहावं लागणार होतं. एकीनं तर विचारलं, खरंच आतून मरतं का हो सगळं? वहिनी गोणपाट भिजवत राहिली. फक्त काकडीवाली पेटीच्या दारापाशी उभी होती आणि वहिनीकडे एकटक बघत होती. तिला कळलं होतं. काकडी इथे ठेवायची नाही हे तिच्याइतकं भांडून कुणीच शिकलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, काळजी करू नका, आपण सांगू कंट्रोलर बिघडला होता, मी नवा लावलाय. लोक यंत्राला माफ करतात. तिनं आकड्याकडे पाहिलं. म्हणाली, तो नीट चाललाय. त्याच्यावर कशाला ढकलायचं?

सकाळी ती बाजारात गेली, मी मागोमाग. बायकाही आल्या होत्या, आपापली न विकलेली मेथी घेऊन. ठेकेदार मधल्याच्या गाळ्यावर भाव करत उभा होता. वहिनी सरळ तिथे गेली, शेळ्या असतात त्या कोपऱ्याजवळ उभी राहिली आणि अगदी नीट, सावकाश बोलली.

"भाऊजी, पेटीनं तुमची काकडी मारली नाही. मी मारली."

मधल्याला आधी कळलंच नाही. ठेकेदाराला कळलं. तो वळून बघायला लागला. वहिनीनं सगळं सांगितलं. आकडा पालकाचा होता, काकडीला तो सोसत नाही, हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. 'तुम्ही फक्त दार उघडा' हे त्याचं वाक्य तिच्याकडे होतं, कुणालाही पटलं असतं. ते तिनं काढलंच नाही.

मधला म्हणाला, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सांगायचं होतंत, वहिनी. घरच्या माणसानं तेवढं सांगायचं असतं."

"मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, माझे क्रेट सावलीत घ्या. इथेच उभी होते."

बाजारात कुणी हसलं नाही. मधल्यानं शेळ्यांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. त्याला तो दिवस आठवतोय हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण उलट उत्तर न सापडलेला मधला मी पहिल्यांदा बघितला, आणि मला सरळ सांगायचंय की मला फार बरं वाटलं. वहिनीचा चेहरा तर दिवा लावल्यासारखा झाला होता.

ठेकेदारानं वहिनीच्या पालकाची एक जुडी उचलली, मोडून पाहिली. काडकन मोडली. म्हणाला, माल चांगला आहे, पण बाई, तुमचं कुणाशी बिनसलं तर माझ्या पोरांच्या ताटात काय येईल याचा भरवसा काय? उत्तर काकडीवालीनं दिलं. ती पुढे आली आणि वहिनीपुढे हात पसरला.

"किल्ली द्या."

कंट्रोलरवर मी एक छोटी लोखंडी डबी बसवली होती, आकडा दिसायला काच आणि बटणांवर कुलूप. किल्ली वहिनीच्या कमरेला असायची, पहिल्या दिवसापासून. काकडीवाली म्हणाली, माझी काकडी परत पाठवलीत तेव्हा मी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या, पण तुम्ही खरं सांगितलं म्हणून माझा माल वाचला. ह्या तुमच्या दिरांना खरं सांगितलं नाहीत. उद्या मी भांडले तर मला सांगाल का, ते मला माहीत नाही. पेटी तुमचीच राहू दे. आकडा आणि दार मी बघणार. बाकीच्या बायकांतली एकही जागची हलली नाही.

वहिनीनं कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. दिली.

घरी येताना रिक्षात ती कमरेची रिकामी गाठ चाचपत होती. मला वाटलं रडेल. स्वतः फट न् फट चाचपून उभी केलेली पेटी, आणि आता तिच्याच अंगणात तिलाच काकडीवालीकडे किल्ली मागायची. घर जवळ आल्यावर तिनं विचारलं, "ऐकलं ना त्यानं? सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, ऐकलं.

"मग झालं तर."

ठेकेदार परत आला, बाकीचेही आले. पुढच्या उन्हाळ्यात मी शेजारी दुसरी पेटी बांधली, बारा अंशांची, काकडी-भेंडी-वांग्यांसाठी. त्यामुळे आता मधल्यालाही माल घेऊन यावंच लागतं, दुसरीकडे तशी जागाच नाही. काकडीवालीनं नियम करून टाकलाय की कुणीही क्रेट आत ठेवण्याआधी वहिनीला विचारायचं, आणि वहिनीनं सगळ्यांसमोर खरं उत्तर द्यायचं. ती किल्ली घेऊन बाजूला उभी राहते आणि ऐकते. त्यामुळे मधला दर खेपेला, टेम्पोचा दांडा धरून, अंगणातल्या सगळ्या बायकांसमोर विचारतो, वहिनी, हे किती थंडीला ठेवायचं? आणि वहिनी खरंच सांगते, एक अंशही चुकवत नाही.

फक्त पहिल्यांदा विचारलेलं तिला कधी ऐकू येत नाही. ती मेथीच्या जुड्या बांधत असते. म्हणते, "काय म्हणालात, भाऊजी? जरा मोठ्यानं."